मुहूर्तमेढीखालची केबल

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबात करंट उतरतोय का, हे भर दुपारी तपासायला जाणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर असोत, आमच्या नगरपालिकेत ती पगारावर आहेत. दिव्यांची लाइन संध्याकाळी चालू होते आणि पहाटे बंद होते. दुपारी तो खांब म्हणजे नुसतं उभं लोखंड. पण तक्रार सकाळी आली होती आणि जेवणाच्या सुट्टीआधी ती निकालात काढायची होती. म्हणून माझ्या खात्यातले दोघे सायकलवरून गेले, खांबाला टेस्टर लावला, वर हातही लावून पाहिला, समोरच्या टपरीवर चहा प्यायले आणि येऊन म्हणाले, काही नाही मॅडम, बाई घाबरट आहे.

ती घाबरट बाई म्हणजे पारुल मंडल. षष्ठीतला नावाच्या गल्लीच्या तोंडाशी चौदा नंबरच्या खांबाला लागून तिची चहाची टपरी. नवरा तागाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ तोही गेला. त्यानंतर गेली कित्येक वर्षं पांढऱ्या साडीतली ही बाई पहाटे शेगडी पेटवते, सकाळी चहा आणि टोस्ट विकते, संध्याकाळी वाटाण्याची घुगनी. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. मीही म्हणते, कारण माझं घर त्याच गल्लीत मागच्या टोकाला आहे आणि नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात कनिष्ठ अभियंता झाल्यापासून ऑफिसला निघताना पहिला चहा तिच्याकडेच होतो.

त्या आठवड्यात पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. गल्लीच्या तोंडाशी घोट्यापर्यंत पाणी तुंबलेलं. टपरीवरच्या ताडपत्रीचा एक कोपरा मावशी लोखंडी आकड्याने खांबाला अडकवायची. एका संध्याकाळी दिवे लागले तशी ती ताडपत्रीतलं पाणी झटकायला उठली आणि आधारासाठी तिने खांब धरला. पुढचं तिने मला सांगितलं ते असं, "दीदी, हात सुटेचना. मी ओरडत होते, पण तोंडातून आवाज येईना. समोर बसलेल्यांना वाटलं, मावशी खांबाला टेकून उभी आहे." तिचा पाय शेवाळावरून सरकला, ती पाण्यात आपटली आणि तिच्या वजनाने हात ओढला गेला, म्हणून वाचली. तळहातावर जळल्याचा डाग होता. तो तिने मला दाखवला, आणि मग कुणी बघत नाही ना हे पाहून पदराखाली झाकला.

झाकायचं कारण होतं. पूर्वी तिच्या टपरीतला बल्ब याच खांबावरून आकडा टाकून जळायचा. गल्लीतल्या निम्म्या टपऱ्यांचे जळायचे. इथल्या तरुणांच्या क्लबची सरस्वतीपूजा तर सगळीच्या सगळी आकड्यावर व्हायची आणि त्या देवीला विद्येची देवी म्हणतात. मी दिवाबत्तीला आले तेव्हा सगळे आकडे काढायला लावले. मावशीने निमूटपणे काढला, बाजारातून चार्जिंगचा दिवा आणला आणि शेजारच्या औषधाच्या दुकानात तो चार्ज करू लागली. पण एकदा नावावर लागलेलं लागलं. मावशीला शॉक बसला हे कळताच गल्लीचं एकमत झालं, की आकडा टाकला असणार आणि तोच उलटला.

हे मत सगळ्यात मोठ्याने मांडलं ते पल्टू घोषालने. पल्टू आमच्या वॉर्डाचा नगरसेवक आणि गल्लीतल्या तरुण मिलन क्लबचा सेक्रेटरी. दोन्ही कामांत फरक असतो हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्याने मला फोन केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मॅडमनी यावं, वीजचोरीमुळे खांबात करंट उतरला असं पत्र द्यावं, म्हणजे टपरी हलवता येईल. दुर्गापूजेला मांडवाची कमान नेमकी तिथेच यायची होती आणि कमानीवर जाहिरात देणारा दागिन्यांचा दुकानदार तयार बसला होता. हेही त्याने लपवलं नाही. पल्टूचा हा एक गुण मानायला हवा, तो लाज लपवत नाही, कारण ती त्याच्यापाशी नसते.

मी म्हटलं, पत्राचं नंतर बघू, आधी दिवे लागल्यावर तपासते.

संध्याकाळी पावसातच गेलो, मी आणि निताईदा. निताईदा आमच्या खात्यातले जुने मिस्त्री. देवभोळे, पानाचा तोबरा भरलेले, पण हाताने चोख. आम्ही खांबाभोवती दोरी बांधून माणसं लांब केली. निताईदांनी रबरी बूट आणि हातमोजे चढवले, खांबाचा रंग थोडा खरवडला, आणि एक लोखंडी खुंटी चांगली लांब नेऊन ओल्या मातीत ठोकली. मीटरची एक तार खांबाला, एक खुंटीला. काटा एकशे ऐंशी व्होल्टच्या पुढे गेला. घरातल्या बोर्डात दोनशेतीस असतात. ओल्या अंगाच्या माणसाला यातले निम्मेही पुरतात.

बघे छत्र्या घेऊन जमलेच होते. पल्टू म्हणाला, "पाहिलंत? ही आकड्याची करामत."

मी निताईदांना खांबाच्या पोटातल्या पेटीतला फ्यूज काढायला सांगितला. फ्यूज निघाला, वरचा दिवा विझला. आता त्या पेटीच्या वरच्या तारांत वीज नाही. वर दिवा बिघडलेला असो, आकडा असो, आणखी कुणाचं पाप असो, सगळं तुटलं. मीटर पुन्हा लावला. काटा जिथे होता तिथेच. मग मी कोपऱ्यावरच्या पेटीत जाऊन, जिथून सगळ्या गल्लीच्या दिव्यांना वीज जाते, तिथला मुख्य स्विच पाडला. गल्ली अंधारली आणि काटा शून्यावर आला.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की करंट वरून येत नाही, खालून येतो. जमिनीतली केबल कुठेतरी फुटली आहे. केबलीवर लोखंडी तारांचं चिलखत असतं, आतली तार त्या चिलखताला टेकली आहे, आणि चिलखत खांबाला. मावशीचा यात काही संबंध नाही.

लोक ऐकत होते. कुणी "अरेरे" म्हणालं. मग एकाने विचारलं, "ते ठीक आहे, पण लाइट कधी येणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन बंदच ठेवून आम्ही खांबांमधली केबल सोडवली आणि एकेक तुकडा मेगरवर तपासला. मेगर हे साधं यंत्र आहे. तारेवरचं वेष्टण धड आहे की नाही ते सांगतं. चौदा ते पंधरा धडधाकट. तेरा ते चौदा, एका तारेचं वेष्टण संपलेलं, मेगर शून्यावर. म्हणजे दोष त्या टप्प्यात.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट निघाली. खांबाच्या पायथ्याशी अर्थिंगचा बोल्ट होता, बोल्टला तार होती, आणि ती तार दोन बोटं पुढे जाऊन संपत होती. कटरने कापलेलं स्वच्छ टोक. गेल्या हिवाळ्यात फुटपाथवर फरशा बसवल्या तेव्हा ठेकेदाराच्या माणसांना ती आडवी आली असणार, त्यांनी कापली आणि फरशी सपाट बसवली. कोपऱ्यावरच्या पेटीत पाहिलं तर केबलीच्या चिलखताचं टोकही कशालाच जोडलेलं नव्हतं, तसंच लोंबत होतं. तेही त्याच कामातलं. ठेकेदार पल्टूचा मेहुणा.

अर्थिंग असतं तर काय झालं असतं, हे मी तेव्हापासून अनेकांना सांगून पाहिलं आहे. केबल फुटली त्या क्षणी सगळा करंट अर्थिंगच्या तारेतून परत पेटीकडे धावला असता, पेटीतला फ्यूज उडाला असता आणि गल्ली अंधारात गेली असती. लोकांनी अंधाराची तक्रार केली असती, बस. ती तार नव्हती म्हणून करंट खांबातच वाट बघत उभा राहिला. फ्यूजला काही कळलंच नाही, दिवे मजेत जळत राहिले, आणि परत जायचा रस्ता मावशीच्या अंगातून निघाला.

आता तेरा ते चौदाच्या मधली फूट शोधायची. जमिनीतला दोष नेमका दाखवणारी गाडी वीज कंपनीकडे असते, ती भाड्याने मागवावी लागते आणि मागवल्यावर कधी येते ते तिलाच ठाऊक. पण आम्हाला गाडीची गरज पडली नाही. फरशांच्या ओळीवरून चालत गेलो आणि दोघेही एकाच ठिकाणी थांबलो.

तिथे मुहूर्तमेढ होती. दुर्गापूजेच्या मांडवाचा पहिला बांबू. रथयात्रेच्या दिवशी भटजी बोलावून, ढाक वाजवून क्लबने रोवलेला. शेंदराची बोटं, लाल दोरा, नवा गमछा, पावसात काळा पडलेला झेंडूचा हार. एक फरशी उचकटून, खाली पहार मारून खड्डा केला होता. केबल खरं तर कमरेइतकी खोल असायला हवी. पण ज्याने फरशा बसवल्या त्याच्या भावबंदाने केबल टाकली होती, ती वीतभर खाली होती.

निताईदांनी पान थुंकलं आणि बांबूला हात जोडले. "मॅडम, पहार इथेच लागली. आणि मी हिला हात लावणार नाही. नोकरीवरून काढा."

माझ्या बाकीच्या माणसांनीही मान फिरवली. आमच्याकडे एकदा रोवलेली मेढ विसर्जनापर्यंत हलवत नाहीत. हलवली तर वर्षाच्या आत कुणाचं तरी घर बुडतं, असं मानतात. मी मानते का, तर नाही. पण मेढ रोवताना मीही तिथे होते, माझ्याही हातात शंख होता, आणि पहार मारणाऱ्या पोरांना मीच म्हटलं होतं, जरा खोल घ्या रे, वाऱ्याने हलेल.

पल्टूने ऐकून घेतलं आणि हसला. "मॅडम, तुम्ही देवीला आरोपी करताय."

मी म्हटलं, देवीला नाही, पहारीला. मेढ दोन हात बाजूला घ्या, मी दुपारपर्यंत केबल जोडून देते.

त्याला ते मान्य नव्हतं. मेढीखाली काही निघालं तर केबल क्लबने फोडली हे सिद्ध होणार, आणि एकदा खणायला लागलं की मेहुण्याची कापलेली तारही बाहेर येणार. हे तो बोलला नाही. बोलला तो रीतीबद्दल, देवीआईच्या कोपाबद्दल, आणि गल्लीच्या भावनेबद्दल. वरून तात्पुरती केबल ओढावी तर स्टोअरमध्ये नव्हती, तिची मंजुरी मागायची तर पूजा उलटून जाणार. तेराच्या पुढचा टप्पा मी तोडून ठेवला. चौदापासून पुढची सगळी गल्ली अंधारात गेली.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते मावशीच्या चेहऱ्यावरून. गल्लीला अंधाराचा राग आला आणि राग काढायला माणूस हवं होतं. माझ्यावर काढता येत नव्हता, मी सरकारी. पल्टूवर काढता येत नव्हता, तो पल्टू. शिकवणीहून येणाऱ्या मुलींना अंधारात त्रास होतो, कुणाचे सासरे गटारात पाय घालून पडले, दुकानं लवकर बंद करावी लागतात, सगळं आलं मावशीच्या अंगावर. तिने त्या दिवशी बोंब मारली नसती तर गल्ली उजेडात असती, असं लोक तिच्याच बाकावर बसून, तिच्याच हातचा चहा पीत म्हणायचे. एकजण तर तिला म्हणाला, "मावशी, एवढासा शॉक सहन झाला नाही?" तिने त्याच्या मातीच्या कुल्हडात साखर थोडी जास्त घातली. असल्या माणसांना मी साधा चहाही दिला नसता.

शेवटी पल्टूने गल्लीची बैठक बोलावली, मेढीसमोरच, दुपारी पाऊस थांबलेला असताना. त्याचा प्रस्ताव तयार होता. मॅडमनी लिहून द्यावं की आकड्यामुळे दोष झाला. टपरी हटेल, कमान होईल, वीज कंपनीची गाडी पूजेनंतर येईल, तोवर क्लब जनरेटर लावेल. सगळ्यांचं भलं. लोकांनी माना हलवल्या.

मी म्हटलं की मी खोटं लिहिणार नाही. दोष या बांबूच्या खाली आहे.

"आणि नसला तर?" पल्टू म्हणाला. "मेढ उपटली, शुभकार्याला अपशकुन केला, आणि खाली केबल धड निघाली तर? कोण भरून देणार?"

"नसला तर टपरी मी स्वतः मोडते," मावशी म्हणाली.

ती केव्हा येऊन उभी राहिली होती ते कुणी पाहिलं नव्हतं. पल्टूने लगेच ते उचललं, सगळ्यांसमोर वदवून घेतलं. मग प्रश्न राहिला, उपटायची कुणी. क्लबची पोरं मागे सरकली. माझी माणसं आधीच मागे होती. भटजी, ज्याने महिन्याभरापूर्वी मंत्र म्हटले होते, त्याला अचानक कुठेतरी जायचं होतं. मी छत्री खाली ठेवली आणि पुढे झाले. बांबूला हात घातला, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं.

"तुम्ही बाजूला व्हा, दीदी. तुमचं घर भरलेलं आहे. नवरा आहे, मुलं आहेत. माझं काय जायचं राहिलंय?"

मी बाजूला झाले. मला त्या क्षणी बरं वाटलं, हे मी लपवत नाही. आणि गल्लीलाही बरं वाटलं, ते तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणी एकानेही तिला थांब म्हटलं नाही. सगळ्यांच्या मनात एकच हिशेब होता, जे काय व्हायचं ते आता हिला होईल.

तिने आधी हार काढला, गमछा सोडला, नीट घडी करून बाजूला ठेवला. मग बांबू दोन्ही हातांनी धरून हलवला, डावीकडे, उजवीकडे, दात उपटतात तसा, आणि वर ओढला. पाणी भरलेल्या खड्ड्यातून तो आवाज करत सुटला. ती मागे पडता पडता वाचली.

मग निताईदा पुढे आले. आता त्यांची हरकत नव्हती, पाप झालेलं होतं. त्यांनी खड्ड्यातलं पाणी उपसलं, माती हाताने खरवडली, आणि केबल दिसली. वरच्या काळ्या कातडीवर पहारीच्या टोकाचा खोल घाव, चिलखताच्या दोन तारा तुटून आत दबलेल्या, एक आतल्या तारेच्या वेष्टणात घुसलेली. बांबूचं बूड त्याच्यावरच टेकलेलं होतं आणि त्याच्या भाराने घाव उघडा राहिला होता. पावसाचं पाणी आत मुरलं तसा करंट चिलखतात उतरला होता आणि आतलं अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झालं होतं. निताईदांनी ती भुकटी बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवली, जणू तीर्थ वाटत होते.

पल्टूने वाकून पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे, जोडून टाका."

त्याच दिवशी आम्ही कामाला लागलो. खराब तुकडा कापून काढला, नवा घालून दोन्हीकडे जोड-पेटी भरली. फरशा उचकटून खांबापासून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत अर्थिंगची तार नव्याने नेली, चिलखताची टोकं दोन्हीकडे पक्की बांधली, खांबाजवळ अर्थिंगचा पाइप वेगळा ठोकला. मेगरचा काटा आता जिथे हवा तिथे जात होता. दिवे लागले तेव्हा पुन्हा पाऊस सुरू झाला होता, आणि मी पावसातच मीटर लावला. शून्य. मी हातमोजा काढून उघड्या हाताने खांब धरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीतल्या बायका गच्चीत येऊन उजेड बघत होत्या. मला वाटलं, संपलं. मावशी सुटली.

माझं कामाच्या बाबतीतलं डोकं बरं आहे. माणसांच्या बाबतीत ते दुपारी टेस्टर लावणाऱ्यांच्या लायकीचं.

भटजी परत आला. मेढ दोन हात सरकवून नव्याने रोवली, शुद्धी केली, गंगाजल शिंपडलं. शुद्धी कशाची, हे कुणी बोललं नाही. पल्टूच्या मेहुण्याचं नाव कुणीच घेतलं नाही. केबल कुणी फोडली हेही कुणी बोललं नाही. लोकांच्या तोंडी एकच वाक्य आलं, दबक्या आवाजात, की विधवेने मेढ उपटली. आठ दिवसांत पल्टूची आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती म्हातारी त्याआधी दोनदा घसरली होती. पण आता कारण सापडलं होतं.

टपरी हटवायला कुणी आलं नाही. तसं बघायला गेलं तर मावशी जिंकली होती, सगळ्यांसमोर. फक्त बाकं रिकामी राहू लागली. आधी क्लबची पोरं पुढच्या चौकात जाऊ लागली. मग शिकवणीचे मास्तर. मग औषधवाल्याने सांगितलं, की दिवा चार्ज करायला जागा नाही. गल्लीतल्या बायका सकाळी बाहेर पडताना टपरीसमोर पदर तोंडाशी धरून जायच्या, कुठे शुभकार्याला निघालेल्या असल्या तर दुसऱ्या बाजूने. कुणी तिला वाईट शब्द बोललं नाही. वाईट बोलले असते तर मी भांडले असते. न बोललेल्याशी कसं भांडायचं?

मी मुद्दाम दिवसातून दोनदा चहा प्यायला जाऊ लागले, निताईदांना ओढून नेलं. ते आले, पण बाकावर न बसता उभ्यानेच प्यायले आणि चहा नीट न संपवता कुल्हड फेकलं. मी त्यांना नंतर झापलं. ते म्हणाले, "मॅडम, बाई चांगली आहे हो. पण घरी सुनेला दिवस गेलेत."

महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावस्येच्या, आदल्या दिवशी मी अर्थिंग तपासायला गेले होते. पूजेत खांबांवर रोषणाई चढते, त्याआधी प्रत्येक खांब मी स्वतः बघते. चौदा नंबरपाशी मावशी ताडपत्री उतरवत होती. शेगडी, पातेली, बरण्या हातगाडीवर चढवलेल्या होत्या. स्टेशनापलीकडे तिच्या भावाची झोपडी आहे, तिथे जाते म्हणाली. तिथे चहा चालेल का हे तिला माहीत नव्हतं. मागे पल्टूची माणसं कमानीचे बांबू घेऊन उभी होती, अगदी सभ्यपणे, तिचं आवरेपर्यंत थांबून.

मी तिला थांबवायला लागले. म्हटलं, मावशी, मी बोलते सगळ्यांशी. मी बैठक बोलावते. मी सांगते की तुझ्यामुळे कुणाचं तरी मूल वाचलं. ती ताडपत्रीची घडी घालत राहिली. घडी झाल्यावर ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

"आकडा टाकते म्हणायचे ना, दीदी, तेव्हा रोज यायचे," ती म्हणाली. "चोरणीच्या हातचा चहा लोक पितात. मला चोरच राहू द्यायचं होतंत."

तिने हातगाडी ढकलली. मी मीटर हातात घेऊन खांबापाशी उभी राहिले. काटा शून्यावर होता.